पावसाळी पिकअप ऑफरचं कॅप्शन कसं लिहायचं: कपडे कधी मिळतील अन् खराब झाले तर काय

तालुक्याच्या गावात लाँड्री टाकली, ड्रायक्लीनचंही काम घेणं सुरू केलं, आता पाऊस लागला की आजूबाजूच्या गावात गाडी फिरवून कपडे उचलायचे असा बेत आहे, म्हणजे व्हॉट्सॲप स्टेटसला अन् फेसबुकवर टाकायला एक कॅप्शन लागणारच. नवीन लोक बहुतेक काय करतात तर शहरातल्या कोणत्या तरी लाँड्रीची पोस्ट पाहतात अन् नाव बदलून तीच टाकतात. "फ्री पिकअप, ४८ तासांत डिलिव्हरी, २०% सूट, अटी लागू", खाली छत्रीचे चार इमोजी. दिसायला बरी दिसते, पण त्यातलं आपल्याकडे काहीच निभत नाही, अन् भांडण लागतं ते नेमकं त्या दोन गोष्टींवरून ज्या त्यात नीट लिहिल्याच नाहीत. कपडे कधी परत येतील, अन् खराब झाले तर काय. म्हणून हे सगळं त्या दोन ओळींसाठीच लिहून राहिलो. सूट किती द्यायची अन् फोटो कोणता लावायचा ते तुमचं तुम्ही पाहा, त्यानं कोणी दुकानात येऊन भांडत नाही.

आधी कागद-पेन, मोबाईल नंतर

कॅप्शन लिहायच्या आधी तुमच्याकडून खरंच किती काम निघतं ते मोजा. समजा दुकान आर्वीला आहे. १५ किलोचं एक वॉशर, तेवढाच ड्रायर, इस्त्रीला एक माणूस. सोमवारी गाडी रोहणा-विरूळ रोडनं जाते अन् गुरुवारी देऊरवाड्याकडं. ड्रायक्लीन दुकानात होत नाही, ते बुधवारी अमरावतीला जातं अन् पुढच्या बुधवारी तयार होऊन येतं. तालुक्याच्या बऱ्याच दुकानांची हीच पद्धत आहे, त्यात लाजायचं काही नाही, फक्त ते कॅप्शनमध्ये धरायला पाहिजे.

आता नवीन माणूस हिशोब करतो मशीनचा. धुवायला पाऊण तास, सुकवायला तास, दोन्ही मशीन सोबत चालतात, लाइट जाणं-येणं धरून दिवसाला सहा लॉट निघतात. पावसाळ्यात काळ्या मातीचे कपडे असतात, मशीन पूर्ण ठासून भरली तर माती निघत नाही, वरून दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर चढते, म्हणून लॉट १२ किलोचाच धरा. ७२ किलो रोजचे. त्याला वाटतं, अरे बापरे, मग तर ४८ तासात आरामात देऊ.

पण अडतं ते इस्त्रीवर. घरगुती मिश्र कपडे, म्हणजे शर्ट, साडी, जीन्स, पोरांचा युनिफॉर्म असं सगळं मिळून किलोत साधारण तीन नग बसतात. ७२ किलोचे झाले दोनशेच्या वर नग. अन् इस्त्रीवाला चांगल्या हाताचा असला तरी तासाला १२ नगाच्या वर धड प्रेस करत नाही, आठ तासाचे झाले शंभराच्या आतबाहेर. त्यातला अर्धा वेळ दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला जातो, ते तर थांबणार नाही. म्हणजे पिकअपच्या कपड्यांसाठी दिवसाचे ५० नग. मशीन कितीही पळो, कपडे बाहेर निघतील ते दिवसाला ५०.

आता हे आठवड्यावर मांडा. सहा दिवसाचे ३०० नग, म्हणजे १०० किलो. फेऱ्या दोन, तर एका फेरीला ५० किलो. सोमवारी ६० किलो उचलले तर दहा किलो पुढच्या आठवड्यात सरकतात, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी दहा, अन् पोळ्यापर्यंत दुकानात गाठोड्यांची थप्पी लागते, कोणाचं कोणतं ते कळत नाही. कपडे हरवायला सुरुवात तिथंच होते. म्हणून कॅप्शनमध्ये लिहायचा पहिला आकडा सवलतीचा नाही, तो आहे "एका फेरीला ५० किलोच". गिऱ्हाइकाला हे वाईट दिसत नाही, उलट लवकर नंबर लावतो.

५० किलोचे १५० नग. सोमवारी रात्री माती लागलेले वेगळे भिजत घाला, मंगळवारी सकाळी धुवा-सुकवा, मंगळवारी दुपारून २५ नग प्रेस झाले, बुधवारी ५०, गुरुवारी ५०, शुक्रवारी दुपारपर्यंत राहिलेले २५. शुक्रवारी दुपारून गुरुवारच्या फेरीचे कपडे इस्त्रीला लागतात अन् ते रविवार सोडून मंगळवारी दुपारी संपतात. म्हणजे दोन्ही फेऱ्यांच्या मागं सुटे दोन दिवस उरतात. एखाद दिवस लाइट गेली, इस्त्रीवाल्याच्या घरी पाहुणे आले, ड्रायरचा पट्टा तुटला, तरी निभतं.

तास लिहू नका, वार लिहा

"४८ तास" ही गोष्ट गावाकडं चालतच नाही अन् याचं कारण साधं आहे. शुक्रवारी दुपारी कपडे तयार असले तरी तुमची गाडी रोहण्याला जाणार सोमवारी. गिऱ्हाईक तास मोजतं ते गाठोडं हातातून दिल्यापासून, तुम्ही मोजता ते मशीनमध्ये टाकल्यापासून, अन् बुधवारी संध्याकाळी फोन येतो, "काहून भाऊ, अठ्ठेचाळीस तास म्हणलं होतं ना, पोट्ट्याचा युनिफॉर्म कुठं हाय?" आता काय सांगता.

वार लिहिला की मोजणंच संपतं. "सोमवारी दिले, पुढच्या सोमवारी त्याच गाडीनं परत." एवढंच. एक आठवडा म्हणजे लय झाला असं तुम्हाला वाटेल, शहरातल्या पोस्टसमोर तर भलताच वाटेल, पण गावातल्या बाईला गाडी कोणत्या दिवशी येते हे पाठ असतं, आठवडी बाजाराचा दिवस असतो तसाच, त्या दिवशी ती घरी थांबते. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी वेगळी ओळ द्या. इस्त्री नको असली, नुसतं धुणं अन् घडी, तर सोमवारचे कपडे बुधवारी संध्याकाळी दुकानातून नेता येतात कारण इस्त्रीची रांगच नाही. शाळेच्या युनिफॉर्मला ही ओळ फार कामाची, पोरं तसेही दुसऱ्या दिवशी चिखलातच लोळतात.

ड्रायक्लीनचा हिशोब वेगळा करा, अन् हा नीट करा कारण महाग कपडा तिथंच असतो. सोमवारी विरूळहून साडी उचलली, बुधवारी अमरावतीला गेली, पुढच्या बुधवारी आली, त्याच्या पुढच्या सोमवारी गाडीनं घरी. झाले १४ दिवस. गुरुवारी देऊरवाड्याहून उचलली तर त्या आठवड्याचा बुधवार हुकलेला, सहा दिवस दुकानात बसली, मग गेली, आली, गुरुवारी घरी. तेही १४ दिवसच. म्हणजे गाडीनं दिलेल्या ड्रायक्लीनला दोन आठवडे, दोन्हीकडं सारखं. कॅप्शनमध्ये "ड्रायक्लीन ५ ते ७ दिवस" लिहिलं तर ते पहिल्याच साडीला खोटं पडतं.

यातही पावसाळ्याची एक भानगड आहे. ओलसर कपडा ड्रायक्लीनच्या मशीनमध्ये टाकत नाहीत. ड्रायक्लीनमध्ये पाण्याच्या जागी सॉल्व्हेंट असतं, अन् कपड्यात ओल असली की लोकरीचं आटतं, निघालेला मळ परत कपड्यावर बसून तो काळपट दिसतो. म्हणून भिजलेला कोट किंवा दमट पेटीतली साडी आधी पंख्याखाली सावलीत एक दिवस सुकवावी लागते. मंगळवारी संध्याकाळी दुकानात आणून दिलेली ओलसर साडी बुधवारच्या गाडीत जात नाही, हे कॅप्शनमध्ये लिहायची गरज नाही, पण पावतीवर तारीख टाकताना डोक्यात ठेवा.

सणाची तारीख मात्र लिहायची. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, सगळे पावसाळ्यातच येतात, अन् आपल्याकडं महालक्ष्म्यांच्या साड्या म्हणजे घराघरातला विषय. सणाचा दिवस धरा, त्याच्या मागं १४ दिवस मोजा, त्याच्या आधीची तुमची फेरी कोणती ते पाहा, तीच शेवटची तारीख. "महालक्ष्म्यांसाठी साड्या अमुक तारखेच्या फेरीपर्यंतच" असं तारखेसकट लिहा. "लवकर द्या" लिहून कोणी लवकर देत नाही.

अन् पूर. नाल्याला पाणी आलं तर गाडी जात नाही हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी पोस्टमध्ये नसलं तर फोन येतोच. एक ओळ पुरते, "रस्ता बंद असला तर गाडी रस्ता उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी." उघडेल कधी ते तुमच्या हातात नाही, दुसरा दिवस हातात आहे, म्हणून हातातलं तेवढंच कबूल करा.

वजनाची ओळ

पावसाळ्यात किलोवर घेणाऱ्यांना ही लागतेच. भिजलेलं गाठोडं काट्यावर ठेवलं तर सुती कपड्याचं वजन दुपटीच्याही जवळ जातं, चिखल असला तर त्याचंही वजन. ८० रुपये किलोनं पाण्याचे पैसे कोण देईल, अन् का द्यावे. "वजन सुकलेल्या कपड्याचं धरतो, नग मात्र दारातच मोजून पावती देतो" असं लिहा. नग दारात मोजणं हे सोडू नका, पुढची सगळी भरपाईची भानगड त्या मोजणीवर उभी आहे.

त्याच ओळीत गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगून टाका, ओले कपडे पन्नीत गाठ मारून ठेवू नका, सुती पिशवीत द्या. दोन दिवस पन्नीत कोंडलेला ओला कपडा उघडला की वास येतो तो तर जाईल, पण त्यावर जे मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके पडतात ती बुरशी असते, अन् ती धाग्याच्या आत गेली की पूर्ण निघत नाही. पांढऱ्या सुती कपड्यावर ब्लीच चालतं, रंगीत कपड्यावर ते रंगच खातं, अन् रेशमावर किंवा लोकरीवर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर धागाच सडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही डाग पाडला.

नुकसानीची ओळ कशी लिहायची

इथं नवीन माणूस पावतीच्या मागं छापलेलं वाक्य उचलतो, "कपड्याच्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही." हे लिहू नका. एक तर वाचणाऱ्याला त्याचा अर्थ असा दिसतो की हे नुकसान करतात अन् वरून हात झटकतात. दुसरं, इस्त्रीनं जाळलेल्या शर्टाच्या तक्रारीत हे वाक्य तुम्हाला वाचवेल याचा भरवसा धरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली कमतरता आहे, फसवी जाहिरात आहे अन् एकतर्फी करार पण आहे, अन् पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. त्यात तुम्ही पोस्टमध्ये "१००% सुरक्षित, काळजी आमची" लिहिलं अन् पावतीवर "जबाबदार नाही", तर समोरच्याला दोन्ही कागद एकाखाली एक ठेवायचे असतात फक्त.

मग काय लिहायचं? आधी नुकसानीचे तीन भाग पाडा, कॅप्शनमध्ये नाही, स्वतःच्या वहीत.

पहिला भाग आपल्या हातून झालेलं. इस्त्रीनं जळणं, मशीनमध्ये फाटणं, दुसऱ्याच्या कपड्याचा रंग चढणं, कपडा हरवणं किंवा बदलणं. याचे पैसे द्यायचेच, त्यात चर्चा नाही.

दुसरा भाग कपड्याचा स्वभाव. कच्चा रंग जाणं, जुनी जर काळी पडणं, टिकल्या-खडे गळणं, विरलेला काठ उसवणं. याचे पैसे देणं परवडत नाही, पण आधी सांगितलं तरच नाही म्हणता येतं. कच्चा रंग ओळखायला दोन मिनिटं लागतात, पांढऱ्या सुती चिंधीचं टोक ओलं करा, साडीच्या आतल्या पदराला किंवा शर्टाच्या आतल्या शिवणीला दाबून धरा, चिंधीवर रंग उतरला तर तो कपडा किलोच्या लॉटमध्ये जाणार नाही, वेगळा धुवायचा. लेबल असलं तर तेही पाहा, आत P किंवा F लिहिलेला, फुली नसलेला गोल म्हणजे ड्रायक्लीन चालतं, पाण्याच्या टबवर फुली असली म्हणजे पाण्यात घालायचंच नाही. आपल्याकडच्या निम्म्या साड्यांना लेबल नसतं म्हणून चिंधीच कामाची.

तिसरा भाग आधीच असलेलं, अन् पावसाळ्यात सगळ्यात जास्त भांडण याचंच. साडी वर्षभर पेटीत होती, पावसाची ओल लागली, घडीच्या आत बुरशी धरली, बाईनं घडी न उघडता तशीच दिली. तुम्हीही न उघडता घेतली. दोन आठवड्यांनी परत नेऊन दिली तेव्हा तिनं पहिल्यांदा घडी उघडली अन् म्हणाली, "अवं बाई, माह्या साडीवर हा डाग नोता पहिले." ती खोटं बोलत नाही, तिला खरंच माहीत नव्हतं. तुम्हीही खोटं बोलत नाही. पण पैसे कोण देणार? ज्यानं घडी उघडली नाही तो, म्हणजे तुम्ही. म्हणून गाडीवरच्या पोराला शिकवा, साडी दारातच पूर्ण उघडायची, पदर अन् काठ उजेडाकडं धरायचा, घडीची रेघ जिथं आहे तिथं ठिपके पाहायचे, दिसले तर तिच्याच समोर मोबाईलवर फोटो काढायचा अन् पावतीवर लिहायचं, "काठाला काळे ठिपके, आधीचे". शक्य असेल तर तो फोटो तिथल्या तिथं तिच्या व्हॉट्सॲपला पाठवायचा. पाऊस चालू असला तर छपरीत उभं राहून करायचं, पण करायचंच.

कॅप्शनमध्ये या तिन्ही भागांची एक-एक ओळ येते, त्याहून जास्त नाही.

भरपाईचा आकडा

लाँड्रीच्या धंद्यात चालत आलेली पद्धत अशी की धुलाईच्या रकमेच्या इतक्या पट भरपाई, बरेच ठिकाणी दहापट लिहिलेलं दिसतं. ड्रायक्लीनला हे चालून जातं. साडीचे ३०० रुपये घेतले, भरपाई जास्तीत जास्त ३,०००. रोजच्या कार्यक्रमाच्या साडीला ठीक आहे.

पण किलोच्या कपड्याला हा हिशोब लावून पाहा. शर्ट पाव किलोचा, ८० रुपये किलोनं त्याची धुलाई झाली २० रुपये, दहापट म्हणजे २००. शर्ट होता ९०० चा, दोन महिन्यांपूर्वी घेतलेला. इस्त्रीवाल्यानं खिशावर भाजला. तुम्ही २०० पुढं केले तर माणूस चिडणारच, अन् चावडीवर बसून सगळ्या गावाला सांगणार, त्या गावात तुमची गाडी पुढच्या सोमवारी रिकामी परत येते. म्हणून किलोच्या कपड्याला पटीचा हिशोब नको, नगाची सरळ रक्कम लिहा, समजा "एका नगाला ५०० पर्यंत". का ५००? कारण आठवड्याचे १०० किलो म्हणजे ८,००० चा धंदा, त्यात महिन्यातून एखादा शर्ट जळला तर ५०० देऊन दुकान चालतं. तुमचा धंदा याहून लहान असला तर आकडा लहान ठेवा, पण जो लिहाल तो त्याच दिवशी खिशातून काढून देता आला पाहिजे. "पर्यंत" हा शब्द मात्र ठेवा, चार वर्षं घासलेल्या लुंगीला कोणी ५०० देत नाही.

मग राहिली पैठणी, लग्नाचा शालू, नवरदेवाची शेरवानी. इथं दहापट पण कमी पडते अन् पूर्ण किंमत तुम्हाला झेपत नाही. यावर एकच उपाय, घेतानाच किंमत विचारून पावतीवर लिहायची. ३,००० च्या वरचा कपडा असला तर गिऱ्हाइकानं देतानाच सांगायचं, अन् किंमत पाहून तुम्ही घ्यायचं की नाही ते ठरवायचं. १५ हजाराची पैठणी अन् वरून बुरशी, तर सरळ नाही म्हणा, अमरावतीला स्वतः नेऊन द्या म्हणा. नाही म्हटल्यानं एक गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, बाकी काही नाही. अन् तुमचं ड्रायक्लीन बाहेर होत असलं तर त्या अमरावतीवाल्यासोबत भरपाईचं आधी बोलून घ्या, तो तुम्हाला किती देतो तेवढं पाहूनच तुमचा आकडा ठरवा, नाहीतर मधले पैसे तुमच्या घरातून जातात. गिऱ्हाइकाला मात्र "ते अमरावतीवाल्यानं केलं" असं सांगू नका, पावती तुमची आहे.

शेवटची अट तक्रारीच्या मुदतीची. गाडीनं कपडे दिले तेव्हा दारातच पाहून घ्या म्हणायचं, तरी पाऊस असतो, बाई शेतात असते, घरी म्हातारी असते, म्हणून दोन दिवस द्या. "मिळाल्यापासून २ दिवसांत, पावतीसकट, न वापरता." न वापरता हे लिहाच, कारण शर्ट घालून वखरावर जाऊन आल्यावर तो कुठं फाटला ते देवालाच माहीत.

आता जोडा

कॅप्शनची पहिली ओळ गाव अन् वाराची ठेवा, सूट नंतर. इन्स्टाग्राम अन् फेसबुकवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी दाबलं तर उघडतं, अन् रोहण्याच्या माणसाला तुमची गाडी त्याच्या गावात येते की नाही एवढंच आधी पाहायचं असतं. व्हॉट्सॲपवर ओळ ठळक करायला दोन्ही बाजूला तारा लावायचा, पण सगळ्याच ओळी ठळक केल्या तर एकही दिसत नाही, एकच करा.

वरच्या आर्वीच्या दुकानाचं असं होतं:

> \*पावसाळी पिकअप: रोहणा-विरूळ रोड सोमवारी, देऊरवाडा रोड गुरुवारी\*
>
> कपडे वाळून नाही राहिले ना? दारातून नेतो, धुऊन, ड्रायरमध्ये सुकवून, इस्त्री करून दारात आणून देतो. ८० रुपये किलो, पिकअप फुकट, कमीत कमी ३ किलो. एका फेरीला ५० किलोच घेतो, आदल्या दिवशी फोन करून नंबर लावा.
>
> कधी मिळतील: सोमवारी दिले तर पुढच्या सोमवारी, गुरुवारी दिले तर पुढच्या गुरुवारी. इस्त्री नको असली तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून न्या. ड्रायक्लीन दोन आठवडे. रस्ता बंद असला तर गाडी रस्ता उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी.
>
> नग दारातच मोजून पावती. वजन सुकलेल्या कपड्याचं. ओले कपडे पन्नीत बांधू नका.
>
> आमच्या हातून जळला, फाटला, रंग चढला, हरवला तर भरपाई: किलोच्या कपड्याला नगामागे ५०० पर्यंत, ड्रायक्लीनला त्याच्या रकमेच्या १० पटीपर्यंत. ३,००० च्या वरचा कपडा देतानाच सांगा, पावतीवर किंमत लिहू. आधीचे डाग-बुरशी, कच्चा रंग, जुनी जर, टिकल्या यात येत नाही, हे घेतानाच दाखवून लिहून देऊ. तक्रार २ दिवसांत, पावतीसकट, न वापरता.

"तिसऱ्या दिवशी" लिहिलं कारण सोमवारचे बुधवारी अन् गुरुवारचे शनिवारी, रविवार मधात येत नाही. तुमची फेरी शुक्रवारी असली तर ही ओळ तशीच उचलू नका, तिसरा दिवस रविवार पडतो. खाली फोन नंबर, दुकानाची जागा अन् ऑफर कोणत्या तारखेपर्यंत ते टाका. तारीख नाही टाकली तर दिवाळीत कोणीतरी हीच पोस्ट दाखवून फुकट पिकअप मागतं, अन् त्याचं चूक नसतं.

टाकायच्या आधी हे कॅप्शन इस्त्रीवाल्याला अन् गाडीवरच्या पोराला वाचून दाखवा. त्यांनी "पुढच्या सोमवारी जमते" म्हटलं तरच टाका, कारण दारात उभं राहून बोलणी त्यांनाच खावी लागतात. ज्या गावात वाचणारे कमी तिथं हेच कॅप्शन तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर सोडा, मिनिटभरात होतं, वाक्यं मात्र तीच ठेवा, बोलता बोलता "दोन-तीन दिवसात देतो ना भाऊ" असं तोंडातून गेलं की मग लिहिलेलं कोणी पाहत नाही.

अन् झड लागली, आठ-आठ दिवस ऊन नाही, लाइटचा पत्ता नाही, असं झालं तर जुनी पोस्ट तशीच ठेवून फोनवर माफी मागत बसू नका. स्टेटस तसंही २४ तासांत उडतं, नवीन टाका, "या आठवड्यात फेरीला ३० किलोच, इस्त्रीचे कपडे एक फेरी उशिरा", अन् ज्यांचे कपडे आधीच दुकानात पडून आहेत त्यांना फेरीच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः फोन लावा.